लाल खोकं कुठल्या देशातलं? व्हेंडिंग मशीन, फोन बूथ आणि टपऱ्यांवरून फोटोची जागा ओळखताना

फोटोत कोका-कोलाचं लाल मशीन दिसलं की नवशिका लगेच अमेरिकेचं नाव घेतो. पण तसंच मशीन जपानमध्ये भातशेतीच्या कडेला उभं असतं आणि मेक्सिकोत दुकानाच्या दारातही असतं. ब्रँड जगभर फिरतो. त्या मशीनवर चिकटवलेला भाव, नाणं टाकायच्या खाचेशेजारची सूचना, बिघाड झाल्यास कुठे फोन करायचा ते सांगणारी चिठ्ठी, हे सगळं मात्र तिथल्याच माणसाने तिथल्याच माणसासाठी लिहिलेलं असतं. म्हणून फोटो हातात आला की आधी मशीनचा मोठा रंगीत चेहरा बाजूला ठेवा आणि बारीक अक्षरांकडे जा. फोन बूथ आणि टपऱ्यांनाही हेच लागू पडतं. कोणी बनवलं यापेक्षा कोण चालवतं, कोण पैसे घेतं आणि कोण दुरुस्त करतं, याची उत्तरं जास्त उपयोगी पडतात.

पहिली पायरी: वस्तू कामाची आहे की शोभेची?

देशाचं नाव मनात येण्याआधी हा प्रश्न विचारा. ब्रिटनचा लाल फोन बूथ हे याचं सगळ्यात चांगलं उदाहरण. जुने बूथ विकले गेले, नकला तयार झाल्या, आणि आज ते जगभरच्या हॉटेलांच्या अंगणात आणि मॉलच्या कोपऱ्यात उभे आहेत. जपानी मशीनही दुसऱ्या देशातल्या जपानी खाद्यगृहाच्या दारात सजावट म्हणून ठेवलेलं असू शकतं.

मग ओळखायचं कसं? वस्तू कुणाच्या जमिनीवर आहे ते बघा. सार्वजनिक फूटपाथवर, छोट्या काँक्रीटच्या चौथऱ्यावर, शेजारी टपालपेटी किंवा बसथांबा असेल तर ती बहुधा मूळ जागीच आहे. दुकानाच्या दाराला चिकटून, कुंड्यांच्या मध्ये, भडक नव्या रंगात असेल तर जपून. व्हेंडिंग मशीन चालू असेल तर दिवा लागलेला असतो, मागून वायर गेलेली असते, शेजारी कचऱ्याचा डबा असतो.

मात्र बूथमध्ये फोन नाही म्हणून तो शोभेचा ठरवू नका. ब्रिटनमध्ये २००८ पासून गावं आपला जुना बूथ एक पौंडात दत्तक घेऊ शकतात. त्यात कुठे पुस्तकांचं छोटं वाचनालय आहे, कुठे हृदयाला झटका देऊन ते पुन्हा चालू करणारं यंत्र, म्हणजे डिफिब्रिलेटर. फोन गेलेला असला तरी बूथ आपल्या जागी आहे, त्यामुळे पुरावा म्हणून तो टिकतो. जर्मनीतही जुन्या पिवळ्या बूथमध्ये पुस्तकांची कपाटं केलेली दिसतात.

दुसरी पायरी: भावात किती आकडे आहेत ते मोजा

लिपी वाचता येत नसली तरी आकडे वाचता येतात, आणि पूर्व आशियात तर नुसत्या आकड्यांच्या संख्येवरून बरंच काम होतं. थंड पेयाच्या डब्याचा भाव जपानमध्ये साधारण तीन आकडी असतो: १२०, १३०, १६०. दक्षिण कोरियात तो बहुतेक चार आकडी: १०००, १५००. तिथल्या कागदी कपातल्या कॉफीच्या जुन्या मशीनवर मात्र ३०० किंवा ५०० असा तीन आकडी भाव भेटतो, तेवढा अपवाद लक्षात ठेवा. तैवानमध्ये दोन आकडी: २०, २५, ३०. येन, वॉन आणि तैवानी डॉलर यांच्या किमतीतला फरक मशीनच्या काचेवर असा सरळ दिसतो. तिथे पैशांचे लहान भाग रोजच्या भावात येत नाहीत, म्हणून दशांश चिन्हही नसतं. युरोपात याच्या उलट: एक, मग स्वल्पविराम किंवा बिंदू, मग दोन आकडे. स्वल्पविराम दिसला तर ब्रिटन आणि आयर्लंड मागे पडतात, कारण तिथे बिंदू वापरतात. जर्मनी, फ्रान्स, स्पेन, इटली हे स्वल्पविरामवाले देश.

भाव दिसत नसेल तर गाड्या रस्त्याच्या कोणत्या बाजूने चालतात ते बघा. जपानमध्ये डावीकडून, कोरिया आणि तैवानमध्ये उजवीकडून. फोटो आरशासारखा उलटा झालेला नाही ना, याची खात्री मशीनवरच्या अक्षरांवरून करून घ्या. उलट्या फोटोत रस्त्याची बाजूही उलटी होते.

जपानचं मशीन जवळून

जपानवर मी जरा जास्त थांबणार आहे, कारण इतक्या छोट्या वस्तूतून इतकी माहिती दुसरा कुठलाही देश देत नाही. तिथे नुसती पेयांचीच २० लाखांहून जास्त मशीनं आहेत. ज्याची जागा त्याला विक्रीतला वाटा मिळतो, त्यामुळे घराची भिंत, पार्किंगचा कोपरा, देवळाची वाट, कुठेही मशीन उभं राहतं. दूरच्या गावात, आजूबाजूला एकही दुकान नसताना रस्त्यावर एकटंच मशीन उजळलेलं दिसलं, तर जपान हा पहिला अंदाज घ्यायला हरकत नाही.

आता जवळ जा. काचेमागे नमुन्याच्या बाटल्या आणि डबे ओळीने लावलेले असतात आणि प्रत्येक ओळीखाली रंगीत पट्टी असते. निळी पट्टी म्हणजे थंड, ‘त्सुमेताई’. लाल पट्टी म्हणजे गरम, ‘अत्ताकाई’. एकाच मशीनमध्ये थंड चहा आणि गरम कॉफीचा डबा शेजारी शेजारी मिळतात. या पट्ट्यांवरून ऋतूही कळतो. सगळ्या पट्ट्या निळ्या असतील तर फोटो बहुधा उन्हाळ्यातला, आणि खालच्या एक-दोन ओळी लाल झाल्या असतील तर थंडी आलेली आहे. झाडांची पानं दिसत नसलेल्या रात्रीच्या फोटोत याचा फार उपयोग होतो.

भावाच्या आकड्यानंतर एक चिन्ह येतं: वरून बंद, खालून उघडी, मध्ये रेघा असलेली चौकट, जणू छोटं दारच. ते ‘एन’, म्हणजे येनचं चिन्ह. शेजारी रिकाम्या डब्यांसाठी गोल भोकांची पेटी असते. अलीकडच्या फोटोंत ती नारिंगी असते आणि तिची भोकं खालच्या बाजूला वळवलेली असतात, म्हणजे लोक त्यात बाकीचा कचरा टाकत नाहीत.

आणि मग सगळ्यात मोलाची गोष्ट: पत्त्याचं स्टिकर. जपानच्या बहुतेक पेय-मशीनांवर, नोट किंवा नाणं टाकायच्या जागेच्या आसपास, एक छोटी आडवी चिठ्ठी असते. तिच्यावर त्या मशीनचा पूर्ण पत्ता छापलेला असतो: प्रांत, शहर, वस्ती, गट क्रमांक. रस्त्यात कुणाला अपघात झाला, आग लागली, तर पोलिसांना किंवा अग्निशमन दलाला फोन करणाऱ्याला आपण कुठे आहोत ते सांगता यावं म्हणून हा पत्ता लावतात. जपानमध्ये बहुतेक रस्त्यांना नावंच नसतात, त्यामुळे अनोळखी माणसाला जागा सांगणं खरंच अवघड जातं. फोटो माणसाने हातात धरलेल्या कॅमेऱ्याने काढलेला असेल आणि मशीन समोरून दिसत असेल, तर मूळ आकाराची फाइल मिळवा आणि नाण्याच्या खाचेभोवती मोठं करून बघा. चिठ्ठी वाचता आली तर देश, शहर, गल्ली सगळं एकदम हातात येतं. गाडीवरच्या कॅमेऱ्याने टिपलेल्या चित्रांत ती बहुतेक वेळा अस्पष्ट असते. तिथे आधीच्या खुणांवरच समाधान मानावं लागतं.

एक चूक वारंवार होते. चिनी वळणाची अक्षरं दिसली की लोक जपान, तैवान आणि हाँगकाँग यांची गल्लत करतात. मशीनवर गुंतागुंतीच्या अक्षरांच्या मधे मधे साधी, वळणदार, दोन-तीन फटकाऱ्यांची अक्षरं पेरलेली असतील तर ते जपानी आहे. सगळीच अक्षरं दाट, चौकोनी असतील तर जपान सोडा. अक्षरांत गोल वर्तुळं आणि सरळ काठ्या एकाच चौकटीत रचलेल्या असतील तर ते कोरियन.

भिंतीवरचं सिगारेटचं मशीन

युरोपात रस्त्यावरच्या मशीनांपैकी मला सगळ्यात उपयोगी वाटतं ते सिगारेटचं, कारण ते कुठे असू शकतं हे कायदा ठरवतो. फ्रान्समध्ये अशा मशीनांना बंदी आहे. इंग्लंडमध्ये ती ऑक्टोबर २०११ पासून बंद झाली. स्पेनमध्ये मशीन बारच्या आत असतं, रस्त्यावर नाही. त्यामुळे राहत्या घराच्या भिंतीला अडकवलेलं, अरुंद कपाटासारखं, पाकिटांच्या रांगा दाखवणारं मशीन दिसलं की यादी एकदम आखडते आणि जर्मनी सगळ्यात वर येतो. तिथे अशी मशीनं साध्या निवासी गल्लीतही भेटतात. २००७ पासून मशीनला वय तपासावं लागतं, म्हणून बँकेचं कार्ड किंवा ओळखपत्र घालायची जागा असते. शेजारी लहान मुलांसाठी च्युइंगगम आणि खेळणी देणारं, हँडल फिरवायचं लाल खोकं असेल तर जर्मनीची खात्री आणखी वाढते.

ऑस्ट्रियातही भिंतीवर मशीन असतं, पण तिथे तंबाखूची किरकोळ विक्री परवानाधारक दुकानाकडे असते. त्या दुकानाला ‘ट्राफिक’ म्हणतात. म्हणून मशीन बहुधा अशा दुकानाशेजारीच असतं आणि वर ‘ताबाक ट्राफिक’ अशी पाटी असते. भाषा जर्मन आणि मशीन ट्राफिकच्या भिंतीवर, असा फोटो आला तर जर्मनी म्हणण्याआधी थांबा.

लाल बूथ: काचा मोजा, मुकुट बघा

ब्रिटनच्या लाल बूथचे दोन नमुने वारंवार भेटतात आणि दोन्ही जाइल्स गिल्बर्ट स्कॉट या वास्तुकाराचे. पहिला के-२, १९२६ पासून लंडनमध्ये लागला. दुसरा के-६, राजा पाचव्या जॉर्जच्या कारकिर्दीच्या रौप्यमहोत्सवासाठी १९३५ मध्ये आखलेला. तो देशभर गेला, हजारोंच्या संख्येने. दोन्ही बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे, आणि दार सागाचं.

लांबून दोन्ही सारखे वाटतात. फरक काचांत आहे. के-२ मध्ये एका बाजूला काचांच्या सहा आडव्या ओळी, प्रत्येक ओळीत तीन सारख्या काचा. के-६ मध्ये आठ ओळी, आणि प्रत्येक ओळीत मधली काच रुंद, कडेच्या दोन अरुंद पट्ट्यांसारख्या. वरचा मुकुटही वेगळा: के-२ चा मुकुट छोट्या भोकांनी कोरलेला असतो, कारण तिथून हवा खेळते. के-६ चा मुकुट भरीव, उठावाचा. हा फरक जागा शोधताना कामाला येतो. रस्त्यावर मूळ जागी उभा असलेला के-२ दिसला तर लंडनपासून सुरुवात करा. के-६ मात्र कुठेही असू शकतो.

फोटो मोठा आणि स्वच्छ असेल तर मुकुटाकडे आणखी जवळून बघा. १९५३ पूर्वीच्या के-६ वर ट्यूडर मुकुट आहे, त्याच्या कमानी वर गोल फुगलेल्या. दुसऱ्या एलिझाबेथ राणी झाल्यानंतर सेंट एडवर्डचा मुकुट आला, त्याच्या कमानी मधोमध खाली दबलेल्या. पण स्कॉटलंडसाठी १९५५ पासून स्कॉटलंडचा स्वतःचा मुकुट बसवला गेला. त्यासाठी बूथच्या कपाळावर खाच ठेवून मुकुटाची वेगळी पट्टी सरकवायची सोय केली होती. एवढ्याशा पट्टीवरून एडिनबरोकडे जायचं की खाली इंग्लंडकडे, हे कधी कधी ठरतं. मला हा तपशील फार आवडतो.

बूथ मलईच्या रंगाचा असेल आणि मुकुटच नसेल, तर किंग्स्टन अपॉन हल हे एकच शहर मनात आणा. तिथली टेलिफोन सेवा सुरुवातीला नगरपालिकेची होती, देशाच्या टपालखात्याची नव्हती, म्हणून रंग वेगळा आणि राजमुकुट नाही. मलई आणि हिरवा अशा दोन रंगांत, वर ‘टेलिफोन’ या शब्दातल्या शेवटच्या स्वरावर तिरका फटकारा असेल, तर तो आयर्लंडचा. तो फटकारा आयरिश भाषेचा आहे आणि ब्रिटनच्या बूथवर तो कधीच नसतो.

पण लाल के-६ म्हणजे ब्रिटनच, असं धरून चालू नका. माल्टा आणि जिब्राल्टर इथेही ते रस्त्यावर आहेत. पोर्तुगालमध्ये लिस्बन आणि पोर्तो शहरांची टेलिफोन सेवा पूर्वी एक इंग्रजी-पोर्तुगीज कंपनी चालवायची, तिथेही लाल बूथ दिसतात. या सगळ्यांना वेगळं काढायला बूथ पुरत नाही, रस्ता लागतो. ब्रिटन आणि माल्टा डावीकडून गाडी चालवतात, पोर्तुगाल आणि जिब्राल्टर उजवीकडून. जिब्राल्टरमध्ये फसायला होतं, कारण तिथल्या गाड्यांची मागची नंबर प्लेट ब्रिटनसारखीच पिवळी असते. म्हणजे पिवळी प्लेट, लाल बूथ आणि उजवीकडची वाहतूक असं एकत्र दिसलं तर गोंधळू नका. तिन्ही खुणा मिळून जिब्राल्टरकडेच बोट दाखवतात.

कानाच्या आकाराचा बूथ

ब्राझीलचा ‘ओरेल्याँव’, म्हणजे मोठा कान, एकदा बघितला की विसरत नाही: खांबावर टांगलेलं अर्ध्या अंड्याचं कवच, फायबरग्लासचं, आत डोकं घालून बोलायचं. शांघायमध्ये जन्मलेल्या ब्राझिलियन वास्तुकार शू मिंग सिल्वेइरा यांनी तो १९७१ मध्ये आखला आणि १९७२ मध्ये तो रस्त्यावर आला. दार नसतानाही रस्त्याचा गोंगाट कमी ऐकू यावा हा त्या वळणाचा हेतू.

हा आकार दुसऱ्या काही देशांनीही घेतला, पेरू आणि मोझांबिकसारख्या. म्हणून कवच दिसलं की आधी भाषा तपासा. स्पॅनिश असेल तर ब्राझील गळतं. पोर्तुगीज असेल तर वाहतुकीची बाजू बघा: ब्राझील उजवीकडे, मोझांबिक डावीकडे. पुढे जायचं असेल तर बूथ सोडून शेजारच्या टपरीवर किंवा दुकानावर रंगवलेला फोन नंबर शोधा. ब्राझीलमध्ये नंबरच्या आधी कंसात दोन आकडी विभाग-क्रमांक लिहितात. ११ म्हणजे साओ पाउलो, २१ म्हणजे रिओ द जानेरो, ७१ म्हणजे साल्वादोर. अख्ख्या खंडाएवढ्या देशात दोन आकड्यांनी शहराच्या परिसरापर्यंत पोचता येतं.

टपऱ्या: रंग कंपनीचा, देश कुणाचा?

टपऱ्यांत सगळ्यात सोपी स्पेनची. फूटपाथवर एकट्या माणसापुरती बंद हिरवी केबिन, खिडकीत लॉटरीची कुपनं, आणि वर इंग्रजी ‘वन्स’ या शब्दासारखी दिसणारी चार अक्षरं. ती ‘ओन्से’ या अंध व्यक्तींच्या संघटनेची आहे, १९३८ मध्ये स्थापन झालेली. ती दिसली की स्पेन, आणि स्पॅनिश बोलणारे बाकीचे देश बाजूला.

आफ्रिकेत मोबाइलवरून पाठवलेले पैसे भरायच्या-काढायच्या टपऱ्या असतात, त्यांत मात्र सावध राहा. केनियात सफारीकॉमची एम-पेसा सेवा २००७ मध्ये सुरू झाली आणि तिथल्या टपऱ्या हिरव्या. शेजारच्या टांझानियात एम-पेसा हेच नाव व्होडाकॉमकडे आहे आणि रंग लाल. दोन्हीकडे स्वाहिली, दोन्हीकडे डावीकडची वाहतूक, त्यामुळे फोटोत नाव सारखं आणि बाकीही बरंच सारखं. तिथे रंगच निकाल देतो. उलट एमटीएन कंपनीचा पिवळा रंग घाना, युगांडा, रवांडा, झांबिया आणि आणखी किती तरी ठिकाणी आहे, त्यामुळे नुसत्या पिवळ्या टपरीवरून देशाचं नाव घेऊ नका. आधी वाहतुकीच्या बाजूने यादी दोन भागांत तोडा: युगांडा आणि झांबिया डावीकडे, घाना आणि रवांडा उजवीकडे. मग टपरीवरचा नंबर वाचा. आणि हे ध्यानात असू द्या की कंपन्या अख्खी दुकानं आपल्या रंगात रंगवून देतात. आत किराणा असला तरी बाहेर पिवळी भिंत असते.

आग्नेय आशियात दोन वस्तू पक्क्या आहेत. इंडोनेशियात रस्त्याकडेला खासगी माणसाने ठेवलेला छोटा पेट्रोल पंप, वर ‘पेर्तामिनी’ लिहिलेलं. फिलिपिन्समध्ये भिंतीवर अडकवलेली, नाणं टाकलं की इंटरनेट देणारी पेटी, ‘पीसो वायफाय’. दोन्ही नावं तिथलीच आहेत.

ग्राहकाने आपलं पार्सल स्वतः काढून घ्यायची कपाटं रस्त्यावर असतात, तीही बघत जा. पिवळं असेल तर जर्मनी किंवा पोलंड, पण जर्मनीतलं सगळंच पिवळं असतं आणि पोलंडच्या ‘पाच्कोमात’मध्ये करडे दरवाजे असतात. ओम्निवा कंपनीचं नारिंगी कपाट एस्टोनिया, लाटव्हिया आणि लिथुआनिया तिन्हीकडे आहे, म्हणजे तिथे पुन्हा भाषा लागते.

फोटो कधीचा आहे?

बूथवरून देश ओळखताना वर्षही ओळखता येतं, आणि कधी कधी वर्ष चुकलं की देशही चुकतो. जर्मनीत बूथमध्ये नाणी घेणं नोव्हेंबर २०२२ मध्ये थांबलं, पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला कार्डही थांबलं आणि मग बूथ उचलले गेले. न्यूयॉर्क शहराने आपल्या मालकीचा शेवटचा पेफोन मे २०२२ मध्ये काढला. त्याच्या कितीतरी आधी, २०१६ पासून, तिथे फूटपाथवर पडदा असलेले उंच, पातळ वायफाय खांब उभे राहिले होते. ऑस्ट्रेलियात उलटं झालं: २०२१ पासून टेल्स्ट्रा या तिथल्या टेलिफोन कंपनीच्या बूथवरून देशातल्या देशात फोन फुकट झाला, त्यामुळे तिथले बूथ ताज्या फोटोतही चालू दिसतात. नव्या गाड्या आणि चालू बूथ असं एकत्र दिसलं तर ही गोष्ट आठवा.

एक फोटो सुरुवातीपासून

आता हे सगळं एका फोटोवर लावून बघू. उताराची अरुंद गल्ली, दुपारचं कडक ऊन, मध्यभागी लाल बूथ, त्याच्या मागे मधाच्या रंगाची दगडी भिंत, एक पांढरी गाडी पाठमोरी उभी.

आधी, बूथ शोभेचा आहे का? तो फूटपाथवर आहे, आजूबाजूला हॉटेल नाही, दाराच्या खालचा रंग उडालेला आहे आणि आत उपकरणाची सावली दिसते. कामाचा आहे, किंवा होता. मग काचा मोजल्या: आठ ओळी, मधली काच रुंद. के-६. म्हणजे लंडनकडे जायची घाई नको.

ब्रिटन म्हणायला मन तयार होतं, म्हणून गाडी बघितली. स्टिअरिंग उजवीकडे, म्हणजे डावीकडची वाहतूक. पोर्तुगाल आणि जिब्राल्टर दोन्ही गळाले. पण गाडी पाठमोरी आहे आणि मागची प्लेट पांढरी आहे, डाव्या टोकाला निळी पट्टी. ब्रिटनमध्ये मागची प्लेट पिवळी असते. तिथेच ब्रिटन गेलं.

पांढरी प्लेट, निळी पट्टी, डावीकडची वाहतूक: आयर्लंडही असंच असतं. पण तिथला बूथ मलई-हिरवा, आणि तिथल्या प्लेटवर आधी वर्षाचे आकडे, मग परगण्याचं अक्षर, मग क्रमांक, आणि वर परगण्याचं आयरिश नाव. इथे तीन अक्षरं आणि तीन आकडे आहेत, वर काही लिहिलेलं नाही. ही माल्टाची रचना.

आता नकार शोधायचा, म्हणजे माल्टा चुकीचं ठरवेल असं काही आहे का ते बघायचं. भिंतीवर दगडी पाटी आहे, तिचा पहिला शब्द ‘त्रिक’, माल्टी भाषेत रस्ता. पुढच्या नावात रोमन एच अक्षराच्या काठीवर एक छोटी आडवी रेघ आहे. ती माल्टी लिपीत असते आणि इंग्रजीत नसते. वरच्या मजल्यावर लाकडी बंदिस्त सज्जा पुढे आलेला आहे, तोही तिथल्या जुन्या घरांचा. आता उलट बोलणारी एकही खूण उरली नाही.

गाव मात्र या फोटोतून निघत नाही. त्यासाठी पाटीवरचं रस्त्याचं पूर्ण नाव वाचायचं आणि नकाशावर शोधायचं. तेच नाव दोन-तीन गावांत असू शकतं, म्हणून प्रत्येक ठिकाणी गल्लीचा उतार आणि वळण फोटोशी ताडून बघायचं. बूथ उताराच्या कुठल्या बाजूला आहे आणि सावली कुठल्या दिशेला पडली आहे, या दोन गोष्टी तेव्हा आधी तपासा.